सात वर्षांतले ८० टक्के मोठे की चार वर्षांतले ४५? वार्षिक दर काढून तुलना कशी करायची

दोन गुंतवणुका समोर आहेत. पहिलीत एक लाख घातले, सात वर्षांनी त्याचे १,८०,००० झाले. दुसरीतही एक लाखच घातले, चार वर्षांनी १,४५,००० झाले. पहिलीला ‘अ’ म्हणू, दुसरीला ‘ब’. मधल्या काळात कुठलीही रक्कम भरली नाही आणि काढली नाही, असं सध्या धरू. यातली पैसा वाढवण्यात सरस कोणती?

‘अ’ने ८० टक्के दिले, ‘ब’ने ४५. या आकड्याला एकूण परतावा किंवा ॲब्सोल्यूट रिटर्न म्हणतात. तो काढणं सोपं आहे: शेवटच्या रकमेतून मुद्दल वजा करायचं, उरलेल्या नफ्याला मुद्दलाने भागायचं आणि शंभराने गुणायचं. एका गुंतवणुकीबद्दल ‘माझे पैसे किती वाढले’ एवढंच विचारायचं असेल तर हा आकडा पुरतो. पण त्यात काळ कुठेच येत नाही. ८० टक्के सात वर्षांत मिळाले असोत वा सतरा वर्षांत, आकडा ८०च राहतो. म्हणून वेगवेगळ्या मुदतीच्या दोन गुंतवणुका या आकड्यावर शेजारी ठेवल्या की जास्त काळ चाललेली बहुतेक वेळा जिंकते, आणि ती फक्त जास्त काळ चालली म्हणून जिंकते.

वर्षांनी भागून का चालत नाही

बहुतेकांना पहिल्यांदा सुचतं ते असं: ८० ला ७ ने भागा, ४५ ला ४ ने भागा. उत्तरं येतात ११.४३ आणि ११.२५ टक्के. म्हणजे वर्षाचा हिशेब केला तरी ‘अ’ किंचित पुढेच. इथे थांबलात तर निर्णय चुकतो, आणि तो का चुकतो हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

‘अ’ खरंच दरवर्षी ११.४३ टक्क्यांनी वाढली असती तर काय झालं असतं? पहिल्या वर्षाअखेर १,११,४३० झाले असते. दुसऱ्या वर्षी वाढ या १,११,४३० वर मोजली गेली असती, तिसऱ्या वर्षी त्याहून मोठ्या रकमेवर. असं करत सातव्या वर्षाअखेर रक्कम सुमारे २,१३,००० वर पोहोचली असती. प्रत्यक्षात हाती आले १,८०,०००. म्हणजे ११.४३ हा दर या गुंतवणुकीचा नाहीच. तो तिला न शोभणारा, फुगलेला दर आहे. भागाकार करताना आपण नकळत सरळव्याजाचा हिशेब लावतो, आणि पैसा तर गुंतवणुकीत राहून चक्रवाढीने वाढलेला असतो.

मुदत जितकी लांब, तितका हा फुगवटा मोठा. चार वर्षांच्या ‘ब’मध्ये तो कमी आहे, सात वर्षांच्या ‘अ’मध्ये जास्त. त्यामुळे भागाकाराची पद्धत नेहमी लांब मुदतीच्या बाजूने झुकते. दोन्हींना सारखीच चूक लागली असती तर क्रम तरी बरोबर आला असता. इथे क्रमच उलटतो, ते आता दिसेल.

खरा वार्षिक दर काढायची रीत

आपल्याला असा एक दर हवा आहे, जो दरवर्षी लावत गेल्यावर एक लाखाचे सात वर्षांनी बरोबर १,८०,००० होतील. या दराला चक्रवाढ वार्षिक वृद्धिदर म्हणतात. व्यवहारात सगळे सीएजीआरच म्हणतात.

आधी शेवटच्या रकमेला सुरुवातीच्या रकमेने भागा. ‘अ’साठी १.८ येतात, म्हणजे पैसा १.८ पट झाला. ही पट सात सारख्या गुणाकारांतून तयार झाली असं मानायचं, म्हणून १.८ चं सातवं मूळ काढायचं. कॅल्क्युलेटरवर घातांकाचं बटण वापरून १.८ चा १/७ वा घात काढलात की तेच होतं. उत्तर येतं १.०८७६. त्यातला १ म्हणजे वर्षाच्या सुरुवातीची रक्कम. तो वजा केला की ०.०८७६ उरतात, म्हणजेच ८.७६ टक्के.

‘ब’साठी पट १.४५ आणि वर्षं चार. १.४५ चं चौथं मूळ १.०९७३, म्हणजे दर ९.७३ टक्के.

तर भागाकाराने ‘अ’ पुढे दिसत होती, खऱ्या वार्षिक दराने ‘ब’ जवळजवळ एका टक्क्याने पुढे आहे.

स्प्रेडशीटमध्ये हे एका ओळीचं काम आहे:

```
=(180000/100000)^(1/7)-1
=(145000/100000)^(1/4)-1
```

इथे सगळ्यात जास्त घोटाळा कंसाचा होतो. `(1/7)` भोवतीचा कंस राहिला तर स्प्रेडशीट आधी पहिला घात काढते आणि मग ७ ने भागते. ‘अ’चं उत्तर उणे ७४.२९ टक्के येतं. पैसा वाढला असताना दर उणे आला, की सूत्रात कंस बघा. एक्सेलमध्ये यासाठी तयार फंक्शनही आहे, त्यात कंसाची ही भानगड येत नाही; आधी वर्षं, मग सुरुवातीची रक्कम, मग शेवटची:

```
=RRI(7,100000,180000)
```

सेलमध्ये ०.०८७६ असं दिसलं तर घाबरू नका, त्या सेलला टक्केवारीचं रूप द्या.

उत्तर उलटं चालवून बघा

नवख्या माणसाने सूत्रावर डोळे झाकून विसंबू नये, असं मला मनापासून वाटतं. पडताळणीला दोन मिनिटं लागतात. एक लाखाला १.०८७६ ने गुणा, आलेल्या रकमेला पुन्हा गुणा, असं सात वेळा करा. ‘अ’ची रक्कम वर्षागणिक अशी सरकते: १,०८,७६०, मग १,१८,२८७, मग १,२८,६४९, १,३९,९१९, १,५२,१७६, १,६५,५०७ आणि शेवटी १,८०,००५. वरचे पाच हे दर दोन दशांशांत कापल्यामुळे आलेले आहेत. शेवटचा आकडा मूळ रकमेशी जुळला म्हणजे दर बरोबर.

या ओळीतून आणखी एक गोष्ट मिळते. चौथ्या आकड्याकडे बघा: ८.७६ टक्क्यांच्या चालीने ‘अ’ चार वर्षांअखेर १,३९,९१९ वर असते, आणि ‘ब’ चार वर्षांत १,४५,००० वर पोहोचली होती. तुलना आता एकाच टप्प्यावर आली आणि कोण पुढे ते सरळ दिसतं. वार्षिक दर काढून आपण नेमकं हेच करतो: दोन्ही गुंतवणुकांना एका वर्षाच्या समान मापावर आणतो.

हातात काहीच नसेल तर तोंडी अंदाजासाठी ७२ चा नियम आहे. ७२ ला दराने भागलं की पैसा दुप्पट व्हायला साधारण किती वर्षं लागतील ते कळतं. इटलीतल्या लुका पाचोली या गणितज्ञाने १४९४ मध्ये छापलेल्या ग्रंथातही तो सापडतो. ७२ भागिले ८.७६ म्हणजे सव्वाआठ वर्षांच्या आसपास. सव्वाआठ वर्षांत दुप्पट, तर सात वर्षांत १.८ पट हे पटण्यासारखं आहे. ११.४३ टक्के धरले तर दुप्पट व्हायला सव्वासहा वर्षंच लागतात, म्हणजे सात वर्षांत पैसा दुपटीच्या पुढे गेलेला असायला हवा होता. ‘अ’ तर १.८ पटीवरच थांबली, म्हणून तो दर तिथेच बाद होतो.

वर्षं मोजताना हात सैल सोडू नका

रकमा सगळे काळजीने लिहितात आणि वर्षं मात्र अंदाजाने. सूत्रात घातांक वर्षांतून येतो, त्यामुळे तिथली ढिलाई दरात लगेच उतरते.

समजा ‘ब’ १५ मार्च २०१८ ला घेतली होती आणि १० सप्टेंबर २०२२ ला विकली. २०२२ मधून २०१८ वजा करून आपण चार वर्षं धरली. प्रत्यक्षात मध्ये १,६४० दिवस गेले. ते ३६५ ने भागले की ४.४९ वर्षं होतात. आता १.४५ चा १/४.४९ वा घात काढला तर दर ९.७३ वरून ८.६२ टक्क्यांवर येतो, म्हणजे ‘अ’च्या ८.७६ च्याही खाली. सहा महिने हिशेबातून निसटले आणि निकाल फिरला. म्हणून तारखा लिहा आणि दिवस स्प्रेडशीटला मोजू द्या. A2 मध्ये खरेदीची तारीख, B2 मध्ये विक्रीची, C2 आणि D2 मध्ये सुरुवातीची आणि शेवटची रक्कम असेल तर:

```
=(D2/C2)^(365/(B2-A2))-1
```

अर्थात हे ‘अ’लाही लागू आहे. एकीच्या तारखा काटेकोर आणि दुसरीची वर्षं गोल, अशी तुलना करू नका. आणखी एक चूक वारंवार दिसते: २०१८, २०१९, २०२०, २०२१, २०२२ अशी बोटांवर नावं मोजून पाच वर्षं धरणं. मार्च २०१८ ते मार्च २०२२ ही चारच वर्षं. वर्षांची नावं पाच असली तरी त्यांच्यामधली अंतरं चार असतात आणि आपल्याला अंतरं हवी आहेत.

पुढच्या सगळ्या उदाहरणांत आपण पुन्हा मूळ चार आणि सात पूर्ण वर्षांवर येऊ.

एका वर्षाहून कमी मुदत

बरोबर एका वर्षाच्या गुंतवणुकीत एकूण परतावा आणि सीएजीआर एकच असतात. वर्षाहून कमी मुदतीत मात्र सूत्र उलट्या दिशेला धावतं. तीन महिन्यांत ६ टक्के मिळाले, तर सूत्र सांगेल वार्षिक २६.२५ टक्के. कारण ते गृहीत धरतं की पुढच्या तिन्ही तिमाहींतही प्रत्येकी ६ टक्केच मिळतील आणि त्यावर चक्रवाढही होईल. झालेल्या तीन महिन्यांच्या जोरावर न झालेल्या नऊ महिन्यांबद्दल केलेलं ते विधान आहे. गुंतवणूक व्यवस्थापकांसाठीच्या ग्लोबल इन्व्हेस्टमेंट परफॉर्मन्स स्टँडर्ड्स या जागतिक मानकांत एका वर्षाहून कमी काळाचा परतावा वार्षिक करून दाखवायला मनाईच आहे. तुम्हीही तोच नियम पाळा: वर्षाच्या आत एकूण परतावा लिहा आणि शेजारी महिने लिहा. कुणी दोन महिन्यांच्या तेजीचा वार्षिक आकडा दाखवत असेल तर मूळ आकडा मागून घ्या.

मध्ये पैसे आले-गेले असतील तर

सीएजीआरच्या सूत्राला फक्त दोन रकमा दिसतात, पहिली आणि शेवटची. मधली देवाणघेवाण त्याला दिसत नाही, आणि खरी अडचण तिथे येते.

एक उदाहरण घ्या. १ एप्रिल २०१९ ला एक लाख भरले, १ एप्रिल २०२२ ला आणखी एक लाख भरले आणि १ एप्रिल २०२३ ला सगळे मिळून २,६०,००० आले. दोन लाखांवर साठ हजार नफा, म्हणजे एकूण परतावा ३० टक्के. कुणी सरळ १.३ चं चौथं मूळ काढेल आणि ६.७८ टक्के म्हणेल. पण दुसरा लाख फक्त एक वर्ष गुंतला होता. त्याला चार वर्षांच्या तराजूत घालणं अन्यायाचं आहे. इथे प्रत्येक रक्कम जितका काळ खरोखर आत होती तितकाच काळ धरणारा दर हवा. त्याला एक्सआयआरआर म्हणतात आणि तो हाताने नाही, स्प्रेडशीटने काढायचा. A रकान्यात तीन तारखा, B रकान्यात तीन रकमा. खिशातून गेलेले पैसे उणे चिन्हाने, हाती आलेले अधिक चिन्हाने: −१,००,०००, −१,००,००० आणि २,६०,०००.

```
=XIRR(B2:B4,A2:A4)
```

उत्तर १०.५६ टक्के. ६.७८ आणि १०.५६ यांतला फरक केवढा आहे ते बघा. रकमा एकाच चिन्हाने लिहिल्या गेल्या असतील तर `#NUM!` अशी चूक दिसते. तेव्हा उणे चिन्हं राहिली का ते तपासा.

हप्त्याहप्त्याने केलेली कुठलीही गुंतवणूक याच पद्धतीने मोजायची. मध्ये व्याज किंवा लाभांश हाती येत असेल तरीही हीच. ‘अ’ने शेवटच्या १,८०,००० शिवाय दर वर्षाअखेर २,००० हाती दिले असतील, तर तिचा खरा दर ८.७६ राहत नाही, तो सुमारे १०.३ टक्के होतो आणि ती ‘ब’च्या पुढे जाते. दरसाल हाती आलेल्या छोट्या रकमा हिशेबात विसरणं फार सोपं असतं. पासबुकातल्या नोंदी काढून बसा. एकरकमी गुंतवणुकीत मध्ये काहीच आलं-गेलं नसेल तर एक्सआयआरआर आणि सीएजीआर यांचं उत्तर एकच येतं, म्हणून शंका असेल तेव्हा एक्सआयआरआर वापरलात तरी बिघडत नाही.

खर्च आणि कर याबद्दल एकच सांगतो: दोन्ही गुंतवणुकांत ते वजा करा किंवा दोन्हींत करू नका.

वार्षिक दर मिळाला, आता त्याच्यावर किती भिस्त ठेवायची

मुदतीच्या लांबीतला फरक सीएजीआर मिटवतो, पण मधला रस्ता तो दाखवत नाही. वर सात आकड्यांची जी सरळ चढती ओळ काढली, ती हिशेबासाठी मानलेली आहे. ‘अ’ तिसऱ्या वर्षी ६०,००० पर्यंत कोसळून मग वर आली असेल तरी सात वर्षांचा दर ८.७६ च येतो. तेवढ्या पडझडीत तुम्ही टिकून राहिला असता का, हे दराला विचारून उपयोग नाही. त्यासाठी मधल्या वर्षांच्या किमती बघाव्या लागतात.

दुसरी मर्यादा मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिच्याकडे कमी लक्ष जातं. दर शेवटच्या दिवसाच्या किमतीवर टांगलेला असतो आणि मुदत छोटी असेल तितका तो जास्त हलतो. समजा दोन्हींच्या शेवटच्या किमती १० टक्क्यांनी कमी असत्या. ‘अ’चे १,६२,००० झाले असते आणि दर ८.७६ वरून ७.१३ वर आला असता. ‘ब’चे १,३०,५०० झाले असते आणि दर ९.७३ वरून ६.८८ वर घसरला असता. सारखाच धक्का, पण ‘अ’ने दीड टक्क्याहून थोडं जास्त गमावलं आणि ‘ब’ने जवळजवळ तीन टक्के, आणि ‘ब’ मागे पडली. ज्यांची किंमत रोज वरखाली होते अशा गुंतवणुकांत ही चाचणी जरूर करा: शेवटची किंमत दहा टक्क्यांनी कमी धरून दर पुन्हा काढा. क्रम तसाच राहिला तर फरक भक्कम आहे. क्रम उलटला तर दोन्ही सारख्याच समजा आणि निवड दुसऱ्या कारणांवर करा.

तिसरी गोष्ट म्हणजे काळ. दोन्हींची मुदत एका वर्षाच्या मापावर आली तरी त्या कोणत्या वर्षांत चालल्या हे वेगळंच राहतं. ‘अ’च्या पहिल्या तीन वर्षांत बाजार मंद असेल आणि ‘ब’ त्या मंदीनंतर सुरू झाली असेल, तर ‘ब’चा पुढे असलेला टक्का तिच्या वेळेचाही असू शकतो. दोन्ही एकाच दिवशी संपल्या असतील तर यावर चांगला उपाय आहे: ‘ब’ ज्या दिवशी घेतली त्या दिवशी ‘अ’ची किंमत किती होती ते शोधा. ती १,२०,००० होती असं धरू. मग त्याच चार वर्षांत ‘अ’ १,२०,००० वरून १,८०,००० वर गेली, म्हणजे दीडपट झाली, आणि १.५ चं चौथं मूळ काढलं की दर १०.६७ टक्के येतो. ‘ब’चा त्याच काळातला दर ९.७३ होता. म्हणजे सामायिक चार वर्षांत ‘अ’ सरस होती आणि तिची सात वर्षांची सरासरी पहिल्या तीन मंद वर्षांनी खाली ओढली होती. जुनी किंमत मिळत असेल तर दोन्ही दर शेजारी लिहून ठेवा: पूर्ण मुदतीचा एक आणि सामायिक काळाचा एक. पहिला सांगतो की त्या पैशाने तुमच्याकडे असताना काय केलं, आणि दोन गुंतवणुकांतून आज एक निवडायची असेल तर दुसऱ्याकडे आधी बघा.